गट नंबर पाहिला का?

बारावीचा निकाल आणि प्रवेशाच्या याद्या यांच्या मधल्या दिवसांत कोल्हारच्या बऱ्याच घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. पोरगं लोणीला इंजिनिअरिंगला जाणार असो की पुण्याला, यंत्र आधी हवं. यंदा माझ्या पुतणीने दोन भाव समोर ठेवले. एक श्रीरामपूरच्या दुकानातला, दुसरा मोबाइलवर पाहिलेला, घरपोच मिळणारा. दोन्हीकडे मजकूर अक्षरशः एकच होता: लेनोवो आयडियापॅड स्लिम 3, रायझन 5, 7000 सिरीज, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, 15.6 इंची फुल एचडी. किमतीत मात्र काही हजारांचा फरक.

"काका, दोन्ही सेमच आहेत की. मग स्वस्तातला का नको?"

प्रश्न रास्त होता. दुकानदाराच्या पोरालाही दोन्ही सेमच वाटत होते, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. कागदावर लिहिलेलं सगळं दोन्ही यंत्रांना लागू होतं.

जमीन घेताना आपण नुसत्या गावाच्या नावावर पैसे देत नाही, सातबाऱ्यावरचा गट नंबर बघतो. 'आयडियापॅड स्लिम 3' हे गावाचं नाव आहे. त्या एका नावाखाली पंधरा इंची यंत्रांचीच अनेक कुळं विकली गेली आहेत. त्यातली दोन इथे कामाची: 15AMN8 आणि 15ABR8. पहिले दोन आकडे पडद्याचे इंच, पुढचा A म्हणजे एएमडीचा प्रोसेसर, I असेल तर इंटेलचा. मधली अक्षरं प्रोसेसरच्या पिढीची खूण, आणि शेवटचा 8 लेनोवोच्या स्वतःच्या आवृत्तीचा.

15AMN8 मध्ये रायझन 5 असेल तर तो 7520U. 15ABR8 मध्ये 7530U मिळतो. दुकानाच्या पाटीवर दोन्ही "रायझन 5, 7000 सिरीज". एएमडीने 2022 साली हे आकडे कसे वाचायचे ते स्वतःच जाहीर केलं होतं. पहिला आकडा बाजारात आणलेल्या वर्षाचा, तिसरा आतल्या रचनेचा. म्हणजे 7520U मधला 2 हा 2019 च्या झेन 2 रचनेचा, आणि 7530U मधला 3 त्यानंतरच्या झेन 3 चा. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. ग्राफिक्सची ताकदही पहिल्यात बरीच कमी आहे. वर्ड, ब्राउझर आणि ऑनलाइन तासाला 7520U पुरतो. बॅटरीही तो जपून वापरतो, त्यामुळे त्याला वाईट यंत्र म्हणणार नाही. पण पुतणीला मेकॅनिकलला त्रिमिती डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायची आहेत, आणि तिथे हा एक आकडा चार वर्षं जाणवणार.

दुसरा मुद्दा रॅमचा, आणि लोक जास्त करून इथेच फसतात. 15AMN8 ची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, वाढवायला स्लॉटच नाही. "आत्ता आठ घ्या, पुढे सोळा करून देऊ" असं कुणी या यंत्राबद्दल सांगितलं, तर त्याला यंत्र माहीत नाही किंवा विक्रीची घाई आहे. उलट ज्या यंत्रांत स्लॉट असतो, त्यांचा खोका फोडून काही विक्रेते स्वतःच रॅम वाढवतात आणि "16 जीबी" म्हणून विकतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, बऱ्याचदा जाहिरातीत बारीक अक्षरांत 'अपग्रेडेड' लिहिलेलंही असतं. पण कारखान्यातून यंत्र 8 जीबीचं निघालेलं असतं. वाढवलेल्या पट्टीची वॉरंटी मग विक्रेत्याकडे. पुढे यंत्र बंद पडलं, तर कंपनीचा माणूस आधी त्या पट्टीकडेच बोट दाखवणार.

तिसरं, पडदा. 'फुल एचडी' या शब्दाने फक्त ठिपक्यांची संख्या कळते. एकाच मालिकेत साधा टीएन पडदा असलेलं आणि आयपीएस पडदा असलेलं यंत्र शेजारी शेजारी विकलं जातं. दुकानात हे ओळखायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. पडद्यावर माणसाचा फोटो लावा आणि खाली वाकून बघा. चेहरा काळवंडून निगेटिव्हसारखा दिसला, तर तो टीएन.

मग गट नंबर कुठे सापडतो? लेनोवोच्या खोक्यावरच्या आणि यंत्राच्या पोटावरच्या लेबलवर दहा अक्षरांचा कोड असतो. सुरुवातीची चार अक्षरं कुळाची (15AMN8 साठी 82XQ, 15ABR8 साठी 82XM), पुढची चार नेमक्या जुळणीची, आणि भारतात विकायच्या मालाला शेवटी IN. हा पूर्ण कोड psref.lenovo.com वर टाकला की प्रोसेसर, रॅम, स्लॉट आहे की नाही, पडद्याचा प्रकार, उजळपणा, सगळं एका पानावर येतं. एचपीच्या लेबलवर असाच प्रॉडक्ट नंबर असतो, भारतातल्या मालाला बहुधा #ACJ असं शेपूट जोडलेलं. डेलचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की ते एक यंत्र कारखान्यातून काय घेऊन निघालं, त्याची यादी दिसते. या बाबतीत मला डेलची पद्धत सरस वाटते. तिथे मॉडेलचं नाही, तुमच्या हातातल्याच यंत्राचं खातं उघडतं.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर एकच गोष्ट मागायची: खोक्यावरच्या लेबलचा फोटो. जाहिरातीचा नको, ब्रोशरचा नको. घरपोच मालात तो मिळत नाही. तिथे पानावरच्या तपशिलात मॉडेल नंबर शोधायचा, आणि तो नसेल तर ते यंत्र सोडून द्यायचं.

यंत्र हातात आलं की खोका फोडतानाचा व्हिडिओ काढा, लेबल स्पष्ट दिसेल असा. मग विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून एवढं टाइप करा:

```
Get-CimInstance Win32_ComputerSystemProduct | Select Name, Version, IdentifyingNumber
Get-CimInstance Win32_Processor | Select Name
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select Capacity, PartNumber
```

पहिल्या ओळीतून लेनोवोच्या यंत्रात कुळाचा कोड, मालिकेचं नाव आणि सिरीयल नंबर मिळतो. तो सिरीयल खोक्यावर, पोटावर आणि इथे, तिन्ही ठिकाणी एकच हवा. दुसरी ओळ प्रोसेसरचं पूर्ण नाव देते. तिसरीत रॅम बाइटमध्ये येते, 8589934592 म्हणजे 8 जीबी. तिथे दोन ओळी आल्या आणि दोन्हींचे पार्ट नंबर वेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर नंतर पट्टी घातल्याची शंका घ्यायला जागा आहे.

लेबलवरच्या कोडलाही मर्यादा आहे. कोड एक असला तरी एसएसडी कधी एका कंपनीची, कधी दुसरीची येते, पडद्याचंही तसंच. कंपनी प्रकार आणि माप सांगते, बनवणाऱ्याचं नाव बांधून देत नाही. त्यावरून भांडायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण 7530U सांगून 7520U दिला असेल, तर तो सरळ वेगळा माल आहे. परत करण्याच्या मुदतीत फोटो आणि व्हिडिओसह तक्रार टाका. दाद मिळाली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जायचं तर 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, विक्रेता बंगळुरूचा असला तरी.

पुतणीने दोघांकडेही कोड मागितला. घरपोचवाल्याच्या पानावर 82XQ निघालं, श्रीरामपूरच्या खोक्यावर 82XM. किमतीतला फरक कशाचा होता ते कळलं, आणि दुकानदाराच्या पोराने काउंटरमागच्या बाकीच्या खोक्यांचीही लेबलं वाचायला सुरुवात केली.