स्कॅनची धास्ती : ‘पॉझिटिव्ह राहा’ हा उपचार नव्हे

कॅन्सरमधून बरे झालेल्या व्यक्तीला फॉलो-अप तपासणीआधी वाटणारी भीती हा मनाचा दुबळेपणा आहे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. ‘पॉझिटिव्ह राहा’ असे सांगून नातेवाईक मोकळे होतात आणि डॉक्टरही. मला हे मान्य नाही. या भीतीचे मूळ आजारात असले, तरी तिला खतपाणी घालते ती आपली रिपोर्ट देण्याची पद्धत. ब्रूस फायलर या कॅन्सरमधून गेलेल्या अमेरिकन लेखकाने 2011 मध्ये ‘टाइम’मध्ये या भीतीवर लिहिले आणि ‘स्कॅन्झायटी’ हा शब्द रूढ झाला. शब्द आला, पद्धत मात्र तीच राहिली.

माझ्या एका रुग्ण ताईंनी त्यांच्या रेडिऑलॉजिस्टना लिहिलेले पत्र त्यांच्या परवानगीने, नाव न देता, येथे देत आहे. स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊन त्यांना चार वर्षे झाली. आता वर्षातून एकदा मॅमोग्राफी होते.

“डॉक्टर, सादर नमस्कार. तुमच्यासाठी माझी तपासणी वीस मिनिटांची असते, माझ्यासाठी तीन आठवड्यांची. तारीख जवळ आली की झोप उडते. पाठ दुखली तरी हाडात पसरला असेल असे वाटते. गेल्या वर्षी तंत्रज्ञ ताईंनी फिल्म पाहून ‘अजून एक घ्यावी लागेल’ म्हटले आणि त्या आत गेल्या. ती दहा मिनिटे मी विसरलेले नाही. रिपोर्ट शनिवारी रात्री मोबाईलवर आला. त्यात ‘जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी रचनेत विकृती’ असे लिहिले होते. सोमवारपर्यंत मी मुलांच्या लग्नाचा, घराच्या कागदपत्रांचा विचार करत होते. सोमवारी सर्जन म्हणाले, ‘हा तर व्रण आहे, सगळे ठीक आहे.’ हे एक वाक्य तुम्ही लिहिले असते तर? खोटा धीर नको. जे दिसले ते मला समजेल असे सांगा.”

वाचकहो, ताईंच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स 2’ लिहिले होते. म्हणजे दिसणारा बदल निरुपद्रवी आहे, कॅन्सरचा संशय नाही. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर त्या जागी व्रण, चरबीच्या गाठी, चुन्याचे कण दिसणे अपेक्षितच असते. हा आकडा 0 असेल तर चित्र अपुरे आहे, आणखी फिल्म, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म हव्यात, एवढाच अर्थ. 3 म्हणजे बहुधा निरुपद्रवी, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. 4 किंवा 5 असेल तर मात्र बायोप्सी लागते. तेथे टाळाटाळ नको. जादा फिल्म बहुतेक वेळा व्रणाची घडी उलगडून पाहण्यासाठी असते. हे तपासणीआधी सांगायला अर्धा मिनिट लागतो.

रेडिऑलॉजिस्ट म्हणतील, उपचार ठरवणे आमचे काम नाही. बरोबर. पण ‘मागच्या फिल्मच्या तुलनेत बदल नाही’ हे सांगणे तर तुमचेच काम आहे ना?

आता तुम्ही काय कराल? जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या. तुलनेला त्या नसतील तर जुना व्रणही नवा वाटू शकतो. तपासणी ठरवतानाच कॅन्सरतज्ज्ञांची भेट शक्यतो दोन दिवसांच्या आत ठरवा. रिपोर्ट रात्री एकट्याने उघडायचा नाही, तो कोण उघडणार हे घरात आधीच ठरवा. तपासणी सकाळची पहिली घ्या, म्हणजे दिवसभर ताटकळावे लागत नाही. मनात येणारे प्रश्न वहीत लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. एवढे करूनही भीती पूर्ण जाणार नाही. पण आठवडे झोप नाही, जेवण जात नाही किंवा तपासणीच टाळावीशी वाटते, असे असेल तर ते आम्हाला सांगा. त्यावर समुपदेशन आणि औषधे आहेत.

एक मार्ग मात्र धरू नका : ‘मनाच्या शांतीसाठी’ पेट स्कॅन. सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कॅन्सर बरा झाल्यावर, काही लक्षण नसताना, शारीरिक तपासणी आणि वार्षिक मॅमोग्राफी पुरते. नेमाने पेट स्कॅन करू नये, असे तज्ज्ञ संस्थांचे मार्गदर्शन आहे. त्यात फुप्फुसात चार मिलिमीटरचा ठिपका दिसला, तर कॅन्सर होऊन गेलेल्या रुग्णात तो दुर्लक्षिता येत नाही. मग काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन आणि तोवर पुन्हा तीच धास्ती. नवी गाठ, न थांबणारे हाडाचे दुखणे, धाप असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.

ताईंनी रेडिऑलॉजिस्टकडे एक वाक्य मागितले आहे. पुढच्या तपासणीला तुम्हीही विचारा : “मागच्या वेळेपेक्षा काही बदलले आहे का?” उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.