माऊ, बाल्कनी आणि पाचवा मजला

शनिवारची निवांत सकाळ, हातात कॉफीचा मग आणि आमचा बंड्या थेट बाल्कनीच्या कठड्यावर! खाली पाच मजले. मी ओरडले नाही, दचकला असता. खाऊचा डबा खुळखुळवला, तशी स्वारी आत आली. (पाय लटपटले ते नंतर.)

आईचं म्हणणं, 'मांजराला कसलं कोंडतेस? गावाकडे आपली मांजरं बाहेरच असायची की!' खरंय. पण त्यातली म्हातारी झालेली किती आठवतात, असं विचारल्यावर आई गप्प. इंग्लंडमध्ये बरीचशी पाळीव मांजरं बाहेर हिंडतात. तिथल्या ४,००९ मांजरांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यातली निम्मी चौदा वर्षं किंवा जास्त जगली. मात्र पाचच्या आत गेलेल्यांमध्ये सगळ्यात मोठं कारण होतं इजा, आणि त्यातही मुख्यतः गाड्या. आपल्याकडे वर भटकी कुत्री, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि उंदरांचं औषध! घरातलं मांजर यातून सुटतं, पण कंटाळतं, लठ्ठ होतं आणि मग कठडा गाठतं.

'मांजर चार पायांवरच पडतं' यावर फार विसंबू नका. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंचावरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. नव्वद टक्के वाचली. पण जी जागच्या जागी गेली, ती दवाखान्यात येणार कशी? शिवाय पायांवर पडलं तरी छाती आपटते. पडलेलं मांजर चालत असलं तरी फुप्फुसाला मार असू शकतो. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर एक मिनिटही थांबू नका. खोक्यात अलगद ठेवा आणि डॉक्टर गाठा.

तर, बाल्कनी. मी आधी कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बसवली. पंधरा दिवसांत बंड्यानं कोपरा कुरतडला! आता स्टीलची आहे, कठड्यापासून छतापर्यंत. भोकं इतकी बारीक हवीत, की मांजराचं डोकं आत जाणार नाही. पिल्लू असेल तर आणखी बारीक. बसवल्यावर तळव्यानं जोरात रेटून बघा. कडेला फट पडली, तर काम पुन्हा करून घ्या. खिडकीच्या डासांच्या जाळीवर तर अजिबात भरवसा नको, मांजराच्या वजनानं ती चौकटीसकट निघते.

खाली बागेत न्यायचं असेल तर गळ्यातला पट्टा नको, छातीवरून येणारा हार्नेस घ्या. आत दोन बोटं जातील इतकाच सैल. पहिला आठवडाभर तो घरातच, जेवणाच्या वेळी घाला. बाहेर नेताना पिंजऱ्यात न्या. स्वतः दारातून चालत गेलं, की रोज दाराशी धरणं धरतं. रेबीजची लस आणि नसबंदी आधी उरकून घ्या.

बंड्याला हार्नेस मुळीच पसंत नाही. घातला की आडवाच होतो. सध्या जाळीआड स्टुलावर बसून समोरच्या कबुतरांना शिव्या देणं चालू आहे.