प्रकाशाला घाई नसते

‘प्रकाश सर्वात कमी वेळाचा रस्ता निवडतो.’ हे वाक्य मी बारावीत पाठ केलं, इंजिनीअरिंगला पुन्हा लिहिलं, आणि दोन्ही वेळा मार्क मिळाले. आज मला ते वाक्य चुकीचं वाटतं. निवडतो म्हणजे काय? निघण्याआधी त्याला रस्ते मोजून कोण दाखवतं?

निवड जीवरक्षक करतो. तो पाण्यापासून ३० मीटर आत वाळूवर उभा आहे. बुडणारा माणूस पाण्यात ३० मीटर आत, पण किनाऱ्यालगत ६० मीटर बाजूला आहे. जीवरक्षक सेकंदाला ६ मीटर धावतो, दीड मीटर पोहतो. सरळ रेषेत गेला तर ३५.४ सेकंद लागतात. माणसाच्या अगदी समोर जाऊन पाण्यात उतरला तर ३१.२.

याहून चांगली जागा कशी शोधायची? पाण्यात उतरायची जागा एक मीटर पुढे सरकवून बघा. सरळ रेषेच्या रस्त्यावर असं केलं, तर धावणं ०.१२ सेकंदाने वाढतं, पोहणं ०.४७ सेकंदाने घटतं. फायदा आहे, म्हणून अजून पुढे सरका. साधारण ५३ मीटरवर नफा-तोटा बरोबर होतो आणि वेळ येतो ३०.७ सेकंद. तिथे sinθ₁/v₁ = sinθ₂/v₂ असतं. कोन किनाऱ्याला काढलेल्या लंबापासून मोजायचे. हाच अपवर्तनाचा नियम. v₁, v₂ च्या जागी प्रकाशाचे हवेतले आणि पाण्यातले वेग घाला, झालं.

फर्माने १६६२ साली हे तत्त्व मांडलं, तेव्हा देकार्तचा पाठीराखा क्लेर्सेलिए याने लगेच हरकत घेतली: निसर्गाला असं आधी काही ठाऊक असू शकत नाही. हरकत रास्त होती. आपली पुस्तकं तिचं उत्तर देतच नाहीत.

उत्तर त्याच आकड्यांत आहे. ५० ते ५७ मीटरमध्ये कुठेही उतरा, जास्तीत जास्त ०.१५ सेकंदाचा फरक पडतो. सरळ रेषेजवळ मात्र एका मीटरला ०.३५ सेकंद इकडचे तिकडे होतात. प्रकाश ही लाट आहे आणि ती सगळ्याच रस्त्यांनी जाते. जिथे शेजारच्या रस्त्यांचे वेळ जवळपास सारखे, तिथल्या लाटा एका तालात पोचतात आणि एकमेकींना बळ देतात. बाकीच्या ठिकाणी त्या एकमेकींना पुसून टाकतात. उरतो तो आपल्याला दिसणारा किरण.

म्हणजे महत्त्व कमीत कमी वेळेला नाही, वेळ जिथे जवळजवळ बदलत नाही त्या जागेला आहे. काही अंतर्गोल आरशांत तर प्रकाशाचा खरा रस्ता शेजारच्या रस्त्यांपेक्षा जास्त वेळाचा असतो. ‘निवडतो’ म्हणणाऱ्यांनी तो आरसा समजावून दाखवावा.

जीवरक्षकाला कुणाला तरी वाचवायचं असतं, म्हणून घाई. प्रकाशाला कुणालाच वाचवायचं नसतं.