आधी टाळी, मग स्वर

नवे संगीतकार चाल ऐकवतात तेव्हा मुखड्याच्या पहिल्याच ओळीत षड्जापासून तार सप्तकापर्यंत जाऊन येतात. ओळ ऐकताना छान वाटते. पण दहा मिनिटांनी आठवायला गेलं तर हाती काही लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: लक्षात राहणाऱ्या ओळीत आधी लय ठरते. स्वर तिच्यामागून येतात, आणि तेही शेजारशेजारचे.

‘द व्हाइट स्ट्राइप्स’चं २००३ मधलं ‘सेव्हन नेशन आर्मी’ बघा. जॅक व्हाइटची ती गिटारची ओळ अवघ्या सात स्वरांची. पहिला लांब, मधले चार आखूड, शेवटचे दोन पुन्हा लांब. सुरुवातीच्या स्वराला षड्ज मानलं तर ती एकदाच कोमल गंधारावर चढते, षड्जावर परतते आणि मग पायरीपायरीने मंद्र पंचमापर्यंत उतरते. सबंध ओळीत सर्वात मोठी उडी कोमल गंधाराची. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे चाहते ही ओळ मिलानमध्ये गात होते, तिथून ती स्टेडियमांत पसरली, आणि २००६ च्या विश्वचषकात इटलीच्या चाहत्यांनी ती शब्दांशिवाय, नुसत्या ‘पो-पो-पो’वर गायली. हजारो बेसूर गळ्यांना एकत्र गाता येते, कारण सूर थोडा हलला तरी लय तिची ओळख सांभाळते. (व्हाइटने ही ओळ म्हणे जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी राखून ठेवायचा विचार केला होता. बरं झालं, राखली नाही.)

आता एक ओळ बांधून बघू. समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुखडा हवाय, ठेका केरव्याचा, आठ मात्रा. पेटी बंद ठेवा आणि फक्त टाळी वाजवा: एक मात्रा, एक मात्रा, दोन, एक, तीन. टक् टक् टाऽ टक् टाऽऽ. पाच आघातांत आठ मात्रा भरल्या. आखूड-लांबची ही सरमिसळच ओळीचा चेहरा. सगळे आघात सारखे ठेवले असते तर ती पाढे म्हटल्यासारखी झाली असती. शेवटच्या तीन मात्रांतली अखेरची मात्रा रिकामी सोडा, मुलांना श्वास घ्यायला.

आता स्वर. पहिला प्रयत्न: ग ग गऽ रे साऽऽ. गायला सोपी, पण अंगाईसारखी निवते. षड्जावर बसून ओळ संपूनच जाते. म्हणून एकच उडी घालू, तीही लांब आघातावर: ग ग पऽ ग रेऽऽ. पंचमाला दोन मात्रा मिळाल्या म्हणून नवशिक्या गळाही तिथे पोचून स्थिरावतो. हाच पंचम चौथ्या, एका मात्रेच्या आघातावर ठेवला असता तर निम्मी मुलं मध्यमावरच अडकली असती. आणि रिषभावर थांबल्यामुळे कान पुढची ओळ मागतो: ग ग पऽ ग साऽऽ. प्रश्न आणि उत्तर, फरक फक्त शेवटच्या स्वरात.

मग शब्द. ‘बघ ना जरा’ इथे चपखल बसतं: ब आणि घ लघू, ना गुरू, ज लघू, रा गुरू. पण याच जागी ‘सांग ना जरा’ घातलं की ‘सां’ एका मात्रेत चेंगरतो आणि ऐकणाऱ्याला ‘संग’ ऐकू येतं. अशा वेळी कवीकडून दुसरा शब्द मागावा, चाल ताणू नये.

एक धोका मात्र खरा आहे. सगळंच शेजारशेजारच्या स्वरांत ठेवलं तर ओळ दुसऱ्या शंभर गाण्यांसारखी वाटते. ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी गाणी तुलनेने वेगवान होती, त्यांच्या चालीचा एकूण चढउतार ओळखीचा होता, पण त्यात कुठेतरी अनपेक्षित अंतर होतं. आपल्या ओळीतल्या पंचमाचं काम तेच. अशी उडी एकच असली तर ती वेगळी कळते. तीन झाल्या की एकही लक्षात राहत नाही.

तपासायचं असेल तर ओळ दोनदा ऐकवा, दुसरं काहीतरी बोला, आणि अर्ध्या तासाने समोरच्याला गुणगुणायला सांगा. त्याची लय बरोबर आली आणि पंचम घसरून मध्यमावर गेला, तर उडी लहान करा किंवा पंचमावर जास्त थांबा. लयच बदलली, म्हणजे त्याने आखूड आघात लांबवले, तर स्वरांशी खेळत बसू नका. पेटी बंद करून पुन्हा टाळीपासून सुरुवात करा, बहुतेक वेळा पाचातला एक आघात काढावा लागतो.