आठ मार्चची अष्टाक्षरी

कार्यालयातल्या महिला दिनाची कविता बहुतेक एकच असते, वाचणारा तेवढा दरवर्षी बदलतो. आधी माता-भगिनी, मग दुर्गा, मग जिजाऊ आणि शेवटी घर-ऑफिसची तारेवरची कसरत. समोरच्या बायका टाळ्या वाजवतात. मार्च एंडची बिलं टेबलावर तशीच टाकून आलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.

यंदा कवितेचं काम आमच्या आस्थापना शाखेतल्या एका तरुण लिपिकावर आलं. तो कच्चा कागद घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला एवढंच सुचवलं, की प्रत्येक ओळीखाली शेजारच्या कार्यालयातल्या कुठल्याही बाईचं नाव लिहून बघ. नाव बदलूनही ओळ तशीच शोभत असेल तर ती खोड. बारा ओळींतली एकही उरली नाही. मग मी विचारलं, "आपल्या एखाद्या बाईंनी इथं, त्यांच्या खुर्चीत बसून केलेलं आणि तू डोळ्यांनी पाहिलेलं एक काम सांग." त्यानं पहिल्यांदा बारनिशीतल्या ताईंचं सांगितलं. लोक तारीख, विषय काही न सांगता "ते पत्र कुठंय?" एवढंच विचारतात आणि ताई आवक रजिस्टर उघडतात.

छंद अष्टाक्षरी घेतला. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. माईक खरखरत असला तरी एवढी छोटी ओळ मागच्या रांगेपर्यंत पोचते. शिवाय आठ अक्षरांत 'त्यागमूर्ती' घातली की निम्मी जागा संपते, म्हणून विशेषणं आपोआप गळतात.

ना तारीख, ना विषय,
नुसते 'पत्र ते कुठे?'
बोट नोंदीवर थांबे,
नस्ती घेऊनच उठे.

दुसरं कडवं लेखा शाखेतल्या मॅडमचं. त्यात पोरानं लिहिलं होतं, की एक रुपया चुकला म्हणून मॅडमनी बिल परत पाठवलं. ऐकायला झकास. पण ज्यांच्यावर लिहायचं त्यांना आधी दाखवायचं असं ठरलं होतं, म्हणून कागद त्यांच्याकडे गेला. मॅडम म्हणाल्या, "अरे, रुपयासाठी मी कुणाचं बिल परत करत नाही. त्या बिलात आकडी रक्कम वेगळी होती आणि अक्षरी वेगळी. तसंच गेलं असतं तर ट्रेझरीनं आक्षेप लावला असता. मी आधी फोन करते. आणि बिल कुणाचं होतं ते लिहू नकोस." रुपयाचं कडवं त्यांना खडूस ठरवत होतं. खरी गोष्ट अशी, की पुढचा आक्षेप त्यांना आधीच दिसतो आणि चुकणाऱ्याची अब्रूही त्या राखतात. कडवं असं झालं:

आकडी रक्कम एक,
अक्षरी ती दुसरीच;
हिचा फोन, 'बिल न्या हो,
अडवेल ट्रेझरीच!'

हे वाचताना सभागृहात जो हशा पिकला तो लेखा शाखेकडून सुरू झाला. बाहेरच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही, आणि ते ठीकच आहे. हळदीकुंकवाची रांगोळी, सगळ्यांसाठी आणलेला डबा, सदा हसरा चेहरा हे आम्ही मुद्दाम गाळलं. त्याबद्दल पुरुष सहकाऱ्याचं कौतुक आपण निरोप समारंभातसुद्धा करत नाही. वय, आजारपण, घरची अडचण हेही नको. ते कितीही आपुलकीनं लिहिलं तरी माईकवर चव्हाट्यावर येतं.

या दिवसाची मुळंही कामातच आहेत. १९१७ साली पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी संपावर उतरल्या, तो दिवस ८ मार्चचा. त्यांनी कौतुक मागितलं नव्हतं.

तिसरं कडवं सफाईच्या मावशींवर लिहायचं होतं. सत्काराची यादी आस्थापनेच्या हजेरीपटावरून निघते आणि मावशी ठेकेदाराकडच्या, म्हणून त्यांचं नाव यादीत नव्हतं. सगळ्यांच्या आधी कुलूप उघडतं ते मात्र त्यांच्याच हातून. पोरगा त्यांना विचारायला गेला. त्या म्हणाल्या, "कवितेत नको रे बाबा, ठेकेदाराच्या कानावर जाईल. पगार तेवढा सात तारखेला मिळू दे."

आठ अक्षरांत हे बसवता आलं असतं, पण आम्ही ते लिहिलं नाही. यादीत त्यांचं नाव घालून घेतलं, आणि ठेक्यावरच्या सगळ्यांचा पगार वेळेवर व्हावा असा साधा अर्ज, मावशींचं नाव न घालता, आम्हा दोघांच्या सहीनं बारनिशीत दिला. ताईंनी आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली.