खेळाडूचे मोल आणि करारातील मेख

इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळाडूंची खरेदी-विक्री दरवर्षी उन्हाळ्यात आणि जानेवारीत होते. त्या वेळी प्रसिद्ध होणारे कोट्यवधी पौंडांचे आकडे वाचून सामान्य वाचक थक्क होतो. परंतु त्या आकड्यांवरून व्यवहाराचा खरा अर्थ उमगत नाही. तो करारातील कलमांत दडलेला असतो.

पहिले कलम वेतनाचे. १९६१ पर्यंत तेथे वेतनावर कमाल मर्यादा होती आणि अखेरीस ती आठवड्याला २० पौंड होती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा ती उठली. आज जायबंदी होऊन खेळाडू घरी बसला, तरी त्याचे मूळ वेतन सहसा चालूच राहते. म्हणून संघचालक ते आवरते ठेवून काही रक्कम सामन्यागणिक भत्त्यात घालतात. हे वरवर न्याय्य दिसते. पण खेळविण्याचा निर्णय खेळाडूच्या हाती नसतो. पंचविसाव्या सामन्यास मोठी रक्कम देय असेल, तर चोविसाव्यानंतर त्यास बसवून ठेवण्याचा मोह होऊ शकतो. शेवटच्या पाच मिनिटांत उतरलेला बदली खेळाडू ‘खेळला’ असे धरावयाचे की नाही, हेही करारात स्पष्ट हवे.

दुसरे कलम पुनर्विक्रीतील वाट्याचे. लहान संघांस तारणारे हेच. एक्सेटर सिटी हा चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेच्या मालकीचा संघ. आपल्याकडे घडलेला ऑली वॉटकिन्स त्यांनी २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकला. किंमत सुमारे १८ लाख पौंड सांगितली गेली. पुढील विक्रीत १५ टक्के वाटा मात्र राखून ठेवला. २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने ब्रेंटफर्डला सुमारे २ कोटी ८० लाख पौंड मोजले आणि एक्सेटरच्या पदरात सुमारे ४० लाख पडले. पहिल्या विक्रीच्या दुपटीहून अधिक!

परंतु टक्के कशाचे, हा खरा प्रश्न आहे. वाटा संपूर्ण किमतीवर धरला तर वरील उदाहरणात ४२ लाख होतात, केवळ नफ्यावर धरला तर सुमारे ३९ लाख. मूळ किंमत अल्प असल्याने येथे फरक थोडा. तीच जर २ कोटी असती, तर नफ्यावरील वाटा अवघा १२ लाख उरला असता. शिवाय करार संपून खेळाडू मोबदल्याविना निघून गेला, तर वाटा शून्य.

आम्हांस वाटते, लहान संघांनी टक्केवारीच्या आकड्यावर भुलू नये. ती कोणत्या रकमेवर आकारली जाणार, याविषयी आधी घासाघीस करावी. खेळाडू घडविण्याचे कष्ट त्यांचे आहेत. ते एका संदिग्ध शब्दापायी वाया जाऊ नयेत.