ग्राफाइटचे टप्पे आणि सेलच्या वक्रातील पायरी

लिथियम लोह फॉस्फेटचा सेल सुमारे वीस तासांत भरेल इतक्या मंद प्रवाहाने चार्ज केला, तर त्याच्या व्होल्टेजचा वक्र बराचसा सपाट राहतो. मात्र मध्य ओलांडल्यावर तो 3.31 व्होल्टच्या आसपासहून 3.34 व्होल्टच्या आसपास चढतो. जुने पॅक तपासणाऱ्या तंत्रज्ञांनी या लहानशा पायरीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ती धनाग्राची नसून ऋणाग्रातील ग्राफाइटची असते. सेलचे व्होल्टेज म्हणजे दोन अग्रांच्या विभवांतील फरक. येथे धनाग्राचे विभव 3.43 व्होल्टजवळ स्थिर असल्याने ग्राफाइटचे विभव जितके उतरते तितके सेलचे व्होल्टेज चढते.

ग्राफाइटमधील कार्बनच्या थरांत 0.335 नॅनोमीटर अंतर असते आणि लिथियम शिरताना ते रुंदावण्यास ऊर्जा लागते. त्यामुळे सर्व फटी थोड्या थोड्या उघडण्यापेक्षा काही मोजक्या फटी दाट भरणे लिथियमला सोयीचे पडते. दोन लिथियम-थरांच्या मध्ये कार्बनचे जितके थर, तो त्या टप्प्याचा क्रमांक. दुसऱ्या टप्प्यात एकाआड एक फट भरून LiC₁₂ हे तांबूस संयुग बनते, तर पहिल्यात सर्व फटी भरून सोनेरी LiC₆ तयार होते. हे दोन्ही टप्पे एकत्र नांदत असताना येणारे लिथियम केवळ त्यांचे प्रमाण बदलते, रासायनिक विभव बदलत नाही, म्हणून वक्र सपाट राहतो. LiC₁₂ पूर्ण झाल्यावर मात्र विभव 120 मिलिव्होल्टजवळून 85 पर्यंत उतरते. एकाआड एक फटी भरण्यासाठी लिथियमला कार्बनचा थर भेदावा लागत नाही, कारण दोमा आणि एरोल्ड यांनी 1969 मध्ये मांडल्याप्रमाणे प्रत्येक फटीत लिथियमची बेटे असतात आणि ती शेजारच्या फटींतील बेटांच्या तुलनेत पुढेमागे सरकलेली असतात.

आता 100 अँपिअर-तासांचा असा सेल घ्यावा, ज्याच्या ग्राफाइटची धारकता 115 आहे. LiC₁₂ निम्म्या भरावाला पूर्ण होत असल्याने पायरी रिकाम्या अवस्थेपासून सुमारे 57 वर आणि पूर्ण भरण्याआधी 43 वर येते. पुढे धारकता 85 झाली, पण पहिले अंतर 57 च राहून दुसरे 28 वर आले, तर ग्राफाइट शाबूत असून लिथियम पृष्ठावरील थरात अडकून गमावले गेले, असे समजावे. पहिले अंतरच आखडले असेल, तर ग्राफाइटचा काही भाग निकामी झालेला असतो, आणि अशा सेलमध्ये जलद चार्जिंगला लिथियम धातुरूपात साचण्याचा धोका वाढतो, म्हणून तो नव्या पॅकमध्ये घालू नये.

ही तुलना एकाच दिशेच्या आणि एकाच तापमानाच्या वक्रांमध्ये करावी. प्रवाह वाढला की अग्राच्या पृष्ठाजवळचे कण खोलवरच्या कणांच्या आधी टप्पा ओलांडतात आणि पायरी पसरत जाऊन दिसेनाशी होते. म्हणून जलद चाचणीत ती दिसली नाही, एवढ्यावरून ग्राफाइट बिघडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.